काउंटरवरचा एक व्यवहार बँकेला नक्की कितीला पडतो?

निळी_शाई
मी एका बँकेच्या शाखेत हिशेब बघते. वरच्या ऑफिसातून पत्र आलंय: रोख काउंटरवरच्या प्रत्येक प्रकारच्या व्यवहाराला किती खर्च येतो ते काढून पाठवा. त्यावरून तीन काउंटरांची दोन करायची का हे ठरणार आहे. मी तीन पद्धतींनी हिशेब केला आणि तीन वेगळी उत्तरं आली. आता यातलं कुठलं पाठवावं हेच कळत नाहीये.

आकडे देते, थोडे गोल केलेत. तीन काउंटरांचा महिन्याचा एकूण खर्च २,५९,२०० रुपये. त्यात तिघांचे पगार १,८६,०००, बाकीचं जागा, यंत्रं, रोकडीचा विमा, वीज वगैरे. महिन्यातले व्यवहार असे: पैसे काढणे २,४००, पैसे भरणे १,५००, चेक भरणे ९००, पासबुक छपाई १,६०० आणि डिमांड ड्राफ्ट १४०. मिळून ६,५४०.

पहिली पद्धत: एकूण खर्च भागिले एकूण व्यवहार. प्रत्येक व्यवहार ४० रुपयांच्या आसपास. पण यात पासबुक छापणं आणि ड्राफ्ट काढणं एकाच भावात बसतं, ते मनाला पटत नाही.

दुसरी: तिघांना विचारलं की तुमचा किती टक्के वेळ कशात जातो. त्या टक्केवारीने खर्च वाटला. पैसे भरण्याचा एक व्यवहार ६६ रुपये.

तिसरी: मी स्वतः उभी राहून मिनिटं मोजली. काढायला ३, भरायला ५, चेकला २, पासबुकला १, ड्राफ्टला १०. माणसाचे दिवसाचे साडेसात तास, त्यातले कामाचे ६ धरले, महिन्याचे २४ दिवस. तिघांची मिळून २५,९२० मिनिटं होतात, म्हणजे मिनिटाला बरोबर १० रुपये. पैसे भरणं ५० रुपये.

४०, ६६ की ५०? खर्च तोच, माणसं तीच. कुणी हे काम केलंय का?

सरळवाट
पहिली पद्धत पाठवा. माझा छोटा व्यवसाय आहे, मी वर्षानुवर्षं एकूण भागिले नग करतो. शेवटी बँकेला पूर्ण खर्च भरून काढायचाय ना? मग कुठल्या व्यवहारावर किती टाकला याने बेरजेत काय फरक पडतो?

चार_पैसे_खात्यात
हे फार चांगलं झालं, कुणीतरी विषय काढला. माझ्या खात्यातून गेल्या महिन्यात दोनदा शुल्क कापलं, विचारलं तर नीट उत्तर नाही. एक व्यवहार ५० रुपयांत होतो म्हणता, मग त्याहून जास्त शुल्क कसं काय घेतात? हा हिशेब ग्राहकांना दाखवायला हवा.

निळी_शाई
@चार_पैसे_खात्यात, माझा प्रश्न शुल्काचा नाहीये हो. बँकेला आतून खर्च किती येतो तेवढंच काढतेय. शुल्क ठरवताना हा आकडा बघतात, पण तो एकटाच नसतो. तुमच्या शुल्काबद्दल शाखेकडे लेखी विचारा, लेखी उत्तर मागा.

@सरळवाट, बेरीज तीच राहते हे खरं. पण निर्णय बेरजेवर होणार नाहीये, "भरण्याचा व्यवहार महाग पडतो, तो यंत्रावर न्या" असा होणार आहे. म्हणून कुठलं काम कितीचं, हेच महत्त्वाचं.

खतावणी_काका
ताई, तुमचा प्रश्न मनापासून आवडला. मी कॉस्ट अकाउंटंट आहे, सेवा देणाऱ्या कंपन्यांचे हे हिशेब बरीच वर्षं केलेत. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतला फरक चुकून आलेला नाही, तुम्हाला जे शोधायचंय ते त्या फरकातच आहे.

तिसऱ्या पद्धतीतली सगळी मिनिटं बेरीज करून बघा. ७,२०० अधिक ७,५०० अधिक १,८०० अधिक १,६०० अधिक १,४००. झाली १९,५००. तुमच्याकडे आहेत २५,९२०. म्हणजे ६,४२० मिनिटं कुठल्याच व्यवहारात गेली नाहीत. मिनिटाला १० रुपये म्हणजे ६४,२०० रुपयांची क्षमता वापराविना राहिली.

आता दुसरी पद्धत. तिघांना विचारलंत तेव्हा प्रत्येकाने दिलेल्या टक्क्यांची बेरीज १०० आली असणार. "पंचवीस टक्के वेळ समोर ग्राहक नसतो" असं कुणीही लिहून देत नाही. त्यात खोटेपणा नाही, प्रश्नच तसा विचारलेला असतो. मग रिकाम्या वेळेचा खर्चसुद्धा व्यवहारांवर वाटला गेला. २,५९,२०० भागिले १९,५०० केलं की मिनिटाला १३ रुपये २९ पैसे येतात, आणि पाच मिनिटांचे ६६.

कामांनुसार खर्च वाटण्याची कल्पना १९८०च्या दशकात रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लान यांनी पुढे आणली. तेव्हा मुलाखती घेऊन टक्के विचारायचीच रीत होती. ती अडचणीची ठरते हे बघून २००४ साली कॅप्लान आणि स्टीव्हन अँडरसन यांनी वेळेवर आधारलेली सोपी पद्धत मांडली. तिला दोनच गोष्टी लागतात: क्षमतेच्या एका मिनिटाचा खर्च, आणि एका कामाला लागणारी मिनिटं. माणसांची व्यवहार्य क्षमता साधारण ८० टक्के धरा असा त्यांचा ठोकताळा. तुम्ही साडेसातातले ६ तास धरलेत ते नेमके ८० टक्केच आहेत. म्हणजे नकळत तीच पद्धत वापरलीत.

माझं मत: ५० रुपये पाठवा, आणि रिकाम्या क्षमतेचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा.

टपालवाट
आमचं कुरियर ऑफिस आहे, तिथला अनुभव सांगतो. आम्हीही आधी @सरळवाट म्हणतात तसंच करायचो. वाटपाची गाडी आणि चालक मिळून दिवसाचा खर्च ३,०००, पार्सलं ७५, म्हणजे पार्सलमागे ४० रुपये. एक मोठा ग्राहक होता, त्याची रोज दहा पार्सलं एकाच पत्त्यावर जायची. हिशेबाप्रमाणे तो आम्हाला रोज ४०० रुपयांना पडत होता, म्हणून आम्ही त्याचा दर वाढवला. तो सोडून गेला.

नंतर नीट बघितलं तर गाडीचा खर्च पार्सलावर ठरतच नव्हता, थांब्यांवर ठरत होता. दिवसाला ५० थांबे, थांब्याला ६० रुपये. त्या ग्राहकाचा थांबा एकच होता. खाली उतरवायला थोडा वेळ जास्त लागायचा इतकंच. दहा पार्सलांना मिळून शंभराच्या आतच खर्च होता. आमचा सगळ्यांत स्वस्त ग्राहक आम्ही महाग समजून घालवला, याचं अजून वाईट वाटतं.

दार बंद असलेले थांबेही त्यात येतात. पन्नासातले आठ तरी फुकट जायचे, दुसऱ्या दिवशी परत जावं लागायचं. ते कुठल्या ग्राहकांच्या पत्त्यांवर होतात ते लिहायला लागलो तेव्हा कळलं की पैसे दारात घ्यायच्या पार्सलांत ते फार जास्त असतात.

मोजपट्टी
@निळी_शाई, मिनिटं नक्की कशी मोजलीत? मी कारखान्यात कामाच्या वेळा मोजायचं काम करते. घड्याळ घेऊन कुणी शेजारी उभं राहिलं की माणूस एकतर घाईने करतो किंवा फार काळजीपूर्वक करतो. दोन्ही वेळा आकडा बिघडतो.

तुमच्या संगणकात प्रत्येक नोंदीची वेळ असेल. पण नोंदीची वेळ म्हणजे पूर्ण कामाची वेळ नाही, नोटा मोजणं त्याआधीच होऊन जातं. त्यावर उपाय आहे. फक्त गर्दीचे तास घ्या, जेव्हा रांग एकदाही तुटत नाही. अशा वेळी एका काउंटरवरच्या दोन लागोपाठच्या नोंदींमधलं अंतर म्हणजे एका ग्राहकाला लागलेला पूर्ण वेळ, मोजणी, बोलणं, सही सगळं धरून. रिकाम्या तासांतली अंतरं घेऊ नका, त्यांत वाट बघण्याचा वेळ मिसळतो.

निळी_शाई
@मोजपट्टी, तीन दिवस उभी राहिले होते. तुमची युक्ती आजच करून बघितली. काढणे, चेक, पासबुक यांच्या वेळा जवळपास जुळल्या. भरण्याच्या मात्र फारच पसरल्यात. कुणाला दोन मिनिटं, कुणाला सतरा. मधली किंमत ४ येते, सरासरी ५. कुठली घेऊ? मला मधली जास्त प्रामाणिक वाटते, कारण दोनचार मोठे भरणारेच सरासरी वर ओढतात.

खतावणी_काका
इथे सरासरीच घ्यायची. आपल्याला नेहमीचा ग्राहक कसा असतो ते शोधायचं नाहीये, एकूण किती मिनिटं खर्ची पडली ते जुळवायचंय. १,५०० गुणिले ४ केलंत तर दीड हजार मिनिटं हिशेबातून गायब होतील आणि रिकामी क्षमता म्हणून दिसतील, प्रत्यक्षात ती कुणीतरी नोटा मोजण्यात घातलीयत.

पण दोन ते सतरा इतका पसारा असेल तर एक सरासरीही पुरेशी नाही. तो एकच प्रकारचा व्यवहार नाहीये. वेळ कशाने वाढतो ते शोधा. बहुधा नोटांच्या संख्येने आणि नाण्यांनी.

निळी_शाई
रात्री बसून काढलं. जवळपास असं बसतंय: शंभरपर्यंत नोटा असतील तर ३ मिनिटं. पुढच्या दर शंभर नोटांना १ मिनिट जास्त. नाणी असली तर आणखी ४.

म्हणजे पगारदार माणूस थोड्या नोटा भरतो तेव्हा खर्च ३० रुपये. आणि आठशे नोटा व नाण्यांची पिशवी घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याचे ३ अधिक ७ अधिक ४, चौदा मिनिटं, १४० रुपये. दोघांची नोंद संगणकात एकाच नावाने होते. हे बघून मला खरंच धक्का बसला.

जुना_रोखपाल
मी बत्तीस वर्षं रोख काउंटरवर काढली. तुमचा हिशेब वाचून आनंद झाला, पण बाई, एक मोठी गोष्ट राहिलीय. काउंटर बंद झाल्यावर रोखपाल घरी जात नाही. दिवसाची रोकड जुळवायची, नोटा प्रकाराप्रमाणे लावायच्या, फाटक्या वेगळ्या काढायच्या, गड्ड्या बांधायच्या, वहीत मांडायचं, तिजोरीत दोघांच्या समोर ठेवायचं. रोजचा अर्धा तास तरी जातोच, आणि शंभराचा फरक आला तर रात्र होते. ही मिनिटं तुमच्या कुठल्याच व्यवहारात नाहीत. मग तुमच्या ऑफिसला वाटणार की हे लोक पाव दिवस बसून असतात. ते बरोबर नाही.

निळी_शाई
काका, तुमचं अगदी खरं. मी गृहीत धरलं होतं की ते वगळलेल्या २० टक्क्यांत येईल.

खतावणी_काका
नाही, तिथे ते बसवायचं नाही. वीस टक्के हे विश्रांती, बैठका, प्रशिक्षण, जागेवरून उठणं-बसणं यांसाठी. रोकड जुळवणं हे काम आहे. फक्त ते ग्राहकांच्या संख्येवर चालत नाही, काउंटरांच्या संख्येवर चालतं. दिवसात पन्नास ग्राहक आले काय किंवा शंभर आले काय, गल्ला एकदाच जुळवायचा. म्हणून ते व्यवहारांवर वाटू नका, "काउंटर-दिवस" म्हणून वेगळी ओळ करा.

निळी_शाई
पुन्हा मांडलं. अर्धा तास गुणिले ३ काउंटर गुणिले २४ दिवस, २,१६० मिनिटं. व्यवहारांची १९,५०० धरून वापरलेली एकूण २१,६६०. रिकामी राहिली ४,२६०, म्हणजे सव्वासोळा टक्क्यांच्या थोडी वर. आधी पंचवीसच्या जवळ दिसत होती.

@जुना_रोखपाल, मनापासून आभार. हे पत्र तसंच गेलं असतं तर तिघांवर अन्याय झाला असता.

सरळवाट
सगळं वाचलं. थांब्यांचं उदाहरण पटलं, मी माझ्याकडेही तपासणार आहे. पण रिकाम्या क्षमतेची वेगळी ओळ मला पटत नाही. तो खर्च कुणीतरी भरतोच ना? तुम्ही ५० म्हणाल, पन्नासाला परवडेल असे दर लावाल, आणि वर्षाअखेर त्या वेगळ्या ओळीतले पैसे खिशातून जातील. पूर्ण खर्च व्यवहारावर टाकणं जास्त सुरक्षित आहे.

खतावणी_काका
सुरक्षित वाटतं, पण पुढे काय होतं ते ताईंच्याच आकड्यांवर बघा. आज पूर्ण खर्च वापरलेल्या मिनिटांवर टाकला तर मिनिटाला जवळजवळ १२ रुपये, म्हणजे पैसे भरणं ६० रुपये. समजा उद्या महिन्याचे ८०० लोक पैसे काढायला एटीएमवर गेले. २,४०० मिनिटं कमी झाली. खर्च तोच. आता मिनिटाला साडेतेरा रुपये, आणि पैसे भरणं ६७. भरण्याच्या कामात काडीचाही बदल नाही, तरी ते सात रुपयांनी महागलं. मग कुणीतरी म्हणतं, भरणं फार महाग, त्यावर शुल्क लावा. काही भरणारे जातात. उरलेल्यांवर आणखी बोजा. असं करत काउंटर बंदच करायची वेळ येते, आणि प्रत्येक पायरीवर कागद सांगत असतो की निर्णय बरोबर आहे.

वेगळी ओळ ठेवली तर भरणं ५० वरच राहतं आणि रिकामी क्षमता वाढलेली दिसते. तो खर्च नाहीसा होत नाही, पण तो ज्याने क्षमता ठरवली त्याच्यासमोर जातो. ग्राहकाने ती ठरवलेली नसते.

सरळवाट
म्हणजे मालकासमोर. तिथे मालक मीच आहे :) दर लावताना मी तरी तो कुठेतरी धरणारच. पण खर्चाचा आकडा आणि दराचा आकडा वेगळे ठेवायचे, एवढं मान्य.

मोजपट्टी
आता मूळ प्रश्नाकडे. तीनाची दोन करायची का? सव्वासोळा टक्के रिकामे हा महिन्याचा आकडा आहे, तो दिवसात सारखा पसरलेला नसतो. @निळी_शाई, टोकन यंत्र असेल तर तासावारी आकडे काढाल का?

निळी_शाई
काढले. दिवसाच्या सुमारे ४५ टक्के कामाची गर्दी ११ ते १ या दोन तासांत होते.

मोजपट्टी
मग बघा. व्यवहारांची रोजची मिनिटं सरासरी ८१२. त्यातली ४५ टक्के म्हणजे ३६५. त्या दोन तासांत तिघांकडे आहेत ३६०, तेसुद्धा कुणी पाणी प्यायलाही उठलं नाही तर. म्हणजे महिन्याच्या सरासरीत रिकामी वाटणारी शाखा रोज दोन तास पूर्ण भरलेली असते. दोनच काउंटर केलीत तर २४० मिनिटांत ३६५चं काम. रांग दुपारी तीनपर्यंत ओसरणार नाही.

सरासरी क्षमता या पद्धतीत चांगली दिसते, पण रांग दिसत नाही. ती वेगळी बघावी लागते.

धागेदोरे
वाचतेय, फार छान चाललंय. मी रांगेतली बाई आहे. ११ ते १ हीच माझीही वेळ, आता चारला जाऊन बघते.

नवी_पाटी
मी विद्यार्थिनी आहे, परीक्षेसाठी हा विषय चालू आहे. एक शंका. पासबुक छापायचं यंत्र बाहेर ठेवलं तर १,६०० मिनिटं वाचतील, म्हणजे महिन्याला १६,००० रुपये. यंत्राचा खर्च समजा १२,०००. मग ४,००० चा फायदा असंच लिहायचं ना?

खतावणी_काका
परीक्षेत काय विचारलंय त्यावर अवलंबून, पण खऱ्या शाखेत त्या महिन्यात १२,००० जास्त जातील. तिघांचे पगार तेवढेच, जागा तेवढीच. वाचलेली १,६०० मिनिटं रिकाम्या क्षमतेत जाऊन बसतात, रोख पैसे होऊन परत येत नाहीत. ४,२६० ची ५,८६० होतात.

पैसे खरोखर वाचायला एक माणूस दुसऱ्या कामाला जाता आला पाहिजे, आणि एका माणसाची मिनिटं आहेत ८,६४०. माणूस निम्मा काढता येत नाही.

नवी_पाटी
मग पैसे भरायचं यंत्रही बसवलं तर? ६०० भरणे त्यावर गेले, पाच मिनिटांप्रमाणे ३,०००. ५,८६० अधिक ३,००० म्हणजे ८,८६०. एक माणूस मोकळा झाला की!

खतावणी_काका
शाब्बास, हिशेब बरोबर मांडलास. फक्त एक विचार कर. यंत्रावर कोण जाईल? आठशे नोटा आणि नाणी घेऊन येणारा की थोड्या नोटा भरणारा?

नवी_पाटी
अरे हो. थोड्या नोटांवाला. म्हणजे पाच नाही, तीन मिनिटं धरायची. ६०० गुणिले ३, १,८०० मिनिटं. ५,८६० अधिक १,८०० म्हणजे ७,६६०. माणूस मोकळा होत नाही, ९८० मिनिटं कमी पडतात.

खतावणी_काका
आणि मागे काय उरलं तेही बघ. ९०० भरणे, ५,७०० मिनिटं, सरासरी ६ मिनिटं २० सेकंद. खर्च ५० वरून ६३ वर. सहा महिन्यांनी कुणीतरी हा आकडा बघून विचारणार की यंत्र बसवलं तरी काउंटर इतका मंद का झाला. मंद कुणीच झालेलं नसतं. सोपी कामं निघून गेली आणि अवघड तेवढी उरली. वेळेचं ते समीकरण ताईंनी काढलं नसतं तर हे कुणालाच सिद्ध करता आलं नसतं.

टपालवाट
काका, अगदी हेच आमच्याकडे झालं! एका मोठ्या वसाहतीत पार्सल लॉकर बसवला. तिथले पंधरा थांबे मिळून एक थांबा झाला. पन्नासाचे छत्तीस थांबे राहिले, आणि थांब्याचा खर्च ६० वरून ८३. चालकाला बोलावून विचारलं, तू कामात ढिला का पडलास. तो बिचारा दूरदूरचे थांबे करत होता, जवळजवळचे पंधरा आम्हीच काढून घेतले होते. गाडी तेवढीच, चालक तोच, दिवसही तेवढाच. दुसऱ्या भागातले थांबे त्याला जोडून दिले तेव्हा कुठे लॉकरचा पैसा वसूल व्हायला लागला.

जुना_रोखपाल
सगळं ठीक, पण मिनिटांत न मावणारंही काही आहे. खोटी नोट हाताला लागते. म्हातारी बाई अनोळखी माणसाबरोबर येऊन सगळी शिल्लक काढायला निघते, तेव्हा रोखपाल दोन प्रश्न जास्त विचारतो. तुमच्या हिशेबात तो व्यवहार तीनऐवजी दहा मिनिटांचा झाला आणि रोखपाल मंद ठरला. मी असे प्रश्न विचारलेत आणि लोकांचे आयुष्यभराचे पैसे वाचलेत. ते कुठे मांडणार?

मोजपट्टी
काका, ती दहा मिनिटं सरासरीत येतात, गाळायची नाहीत, म्हणूनही सरासरीच हवी. पण वाचलेले पैसे या हिशेबात येत नाहीत हे खरं. हा खर्चाचा कागद आहे, त्यात फायद्याचा रकाना नाही.

जुना_रोखपाल
रकाना नाही म्हणून माणसं कमी करतात, मी हे पाहिलंय. माझं समाधान झालेलं नाही.

सरळवाट
आणखी एक. शाखाधिकाऱ्याचा पगार, सुरक्षारक्षक, इमारत यांचं काय? तेही व्यवहारांवर यायला हवं ना, नाहीतर ५० हा आकडा अर्धवटच.

खतावणी_काका
काउंटरांच्या वाट्याची जागा २,५९,२०० मध्ये आलेलीच आहे. शाखाधिकारी आणि रक्षक शाखा उघडी आहे म्हणून लागतात. एक व्यवहार वाढला किंवा घटला तरी त्यांच्यात फरक पडत नाही, त्यामुळे मी ते शाखेच्या पातळीवर ठेवतो. शाखा ठेवायची की नाही हा प्रश्न असेल तेव्हा तो खर्च नक्की घ्यावा.

सरळवाट
इथे मी तुमच्याशी सहमत नाही, पण ताईंचा प्रश्न काउंटरांचा आहे म्हणून थांबतो.

निळी_शाई
सगळ्यांचे आभार. काल कागद पाठवला. वर प्रत्येक व्यवहाराचा खर्च, मिनिटाला १० प्रमाणे, भरण्यासाठी एका आकड्याऐवजी नोटांप्रमाणे ३० पासून १४० पर्यंत. त्याखाली रोकड जुळवण्याचे २१,६०० रुपये. त्याखाली रिकामी क्षमता ४२,६००. बेरीज २,५९,२०० शी जुळते. सोबत तासावारी गर्दीचा तक्ता, आणि सूचना अशी की तिसरं काउंटर ११ ते १ चालू ठेवावं, नंतर त्या व्यक्तीने खातं उघडण्याच्या टेबलावर बसावं. तिथे लोक ताटकळतात हे मला रोज दिसतं.

आज फोन आला. आधी म्हणाले, "एकच आकडा द्या." मी तक्त्याकडे लक्ष वेधलं. मग म्हणाले की तासावारी गर्दी आणखी तीन महिन्यांची हवी, तोवर निर्णय नाही.

मोजपट्टी
तीन महिने मोजताना पगाराचा आठवडा वेगळा ठेवा, बाकीच्या दिवसांत मिसळू नका. भरण्यापेक्षा काढण्याची गर्दी तेव्हा जास्त असेल, आणि ती बहुधा ११ ते १ मध्ये मावणार नाही.

जुना_रोखपाल
आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवसही. व्यापारी लोक तीन दिवसांची नाणी घेऊन येतात.